हंगाम बुडाला तेव्हा घरातलं काय गेलं, काय राहिलं : पंचवटीतल्या एका कृषी सेवा केंद्राचं प्रकरण

नाशिकमध्ये दुकानांची हिशेबाची कामं करताना एक वाक्य सारखं कानावर येतं : "घरचे पैसे वेगळे आहेत साहेब, त्यांना हात लावत नाही." बहुतेक वेळा ते खरंही असतं. दुकानाचं खातं वेगळं, घरचं वेगळं, एफडीच्या पावत्या कपाटात. पण धंदा अडचणीत आला की हे वेगळेपण किती खरं होतं ते कळतं. पैसा कोणत्या खात्यात होता याला तेव्हा फारशी किंमत राहत नाही. त्या पैशावर कुणाचा हक्क आधी लागतो आणि कोणत्या कागदावर घरातल्या कुणी सही केली आहे, यावर सगळं ठरतं. खालचं प्रकरण त्याबद्दलच आहे. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन दुकानांची हकीकत एकात घातली आहे आणि आकडे गोल केले आहेत.

दुकान पंचवटीत, दिंडोरी रोडच्या बाजूला. खतं आणि औषधं, गिऱ्हाईक मुख्यतः द्राक्षवाले. मालकांना सगळे नाना म्हणतात. वर्षाची उलाढाल एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास. एकट्याच्या मालकीचं दुकान, म्हणजे प्रोप्रायटरशिप. या धंद्याचं गणित द्राक्षाच्या वेलाबरोबर फिरतं. ऑक्टोबरच्या छाटणीपासून डिसेंबरपर्यंत डाऊनी, भुरी या रोगांवरच्या फवारण्या जोरात चालतात आणि माल उधारीवर उचलला जातो. पैसे माल निघाल्यावर, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल. मधले तीन-चार महिने दुकानदारच शेतकऱ्याची बँक असतो. त्याला पैसा पुरवते खरी बँक, सीसी म्हणजे कॅश क्रेडिट खात्यातून, ज्यात ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसा पैसा उचलता येतो. नानांची सीसी 40 लाखांची होती.

त्या वर्षी डिसेंबरअखेर स्थिती अशी होती : दुकानात 22 लाखांचा माल, उधारी 60 लाख, वितरकांचं देणं 18 लाख, सीसीतून उचललेले 38 लाख. यात काळजीचं काही नव्हतं, दर डिसेंबरला साधारण असंच असतं. मग फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये अवकाळीने दोनदा झोडपलं. मणी तडकले, घड कुजले. ज्यांचा माल वाचला त्यांच्यापैकी काहींनी तो एका व्यापाऱ्याला दिला होता. व्यापारी थोडी आगाऊ रक्कम देऊन माल घेऊन गेला आणि नंतर फोन बंद. द्राक्षपट्ट्यात ही गोष्ट नवी नाही. एप्रिलअखेर 60 लाखांपैकी जेमतेम 9 लाख आले होते. त्यात मधल्या काळातली नवी उधारी धरून वहीत 54 लाख दिसत होते. वितरकांकडे नानांचे सही केलेले चेक होते, ते वटले नाहीत तर फौजदारी कारवाईची, कलम 138 ची नोटीस, म्हणून आलेला पैसा आधी तिकडे गेला. सीसी 38 वरच थांबली.

इथून पुढे जे झालं ते बऱ्याच दुकानदारांना माहीतच नसतं. सीसीची मर्यादा 40 लाख असली तरी दर महिन्याला प्रत्यक्ष किती उचलता येईल ते ड्रॉइंग पॉवर ठरवते आणि ती स्टॉक स्टेटमेंटवरून, म्हणजे बँकेला दिलेल्या माल-उधारीच्या तक्त्यावरून निघते. नानांच्या मंजुरीपत्राप्रमाणे मालातून वितरकांचं देणं वजा करायचं आणि उरलेल्याचे 75 टक्के धरायचे. उधारीचे 60 टक्के धरायचे, पण 90 दिवसांच्या आतलीच उधारी. डिसेंबरमध्ये मालाचे 3 लाख आणि उधारीचे 36 लाख मिळून 39 लाख निघत होते. एप्रिलमध्ये वहीत 54 लाख होते, पण त्यातले 90 दिवसांच्या आतले फक्त 3. ड्रॉइंग पॉवर चार लाखांच्याही खाली आली आणि उचल 38 लाखांची. म्हणजे पैसा जितका जास्त अडकतो तितकी बँकेची परवानगी आटत जाते. खात्यातली बाकी ड्रॉइंग पॉवरच्या वर सलग 90 दिवस राहिली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज होतं. नानांना जुलैअखेरपर्यंत वेळ होता.

घराची बाजू काय होती? म्हसरूळला रो-हाऊस, अंदाजे 65 लाखांचं, नानांच्या नावावर, सीसीसाठी बँकेकडे तारण. आडगावच्या बाजूला एक प्लॉट, 18 लाखांचा, तोही त्यांच्याच नावावर. नानांची एफडी 9 लाख, त्यांच्या पत्नीची, म्हणजे वहिनींची 4 लाख. पीपीएफमध्ये नानांचे 14 आणि वहिनींचे 6 लाख. म्युच्युअल फंडात 7 लाख. वहिनींचे दागिने. एक कोटीचा टर्म विमा. आणि एक जुनी बचतीची पॉलिसी, जी सीसी घेताना बँकेच्या नावे असाइन करून, म्हणजे तिचे हक्क लिहून दिलेली. नानांच्या मनात यातलं रो-हाऊस आणि ती पॉलिसी सोडून बाकी सगळं "घरचं" होतं.

पहिला धक्का जूनमध्ये बसला. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची म्हणून नाना एफडीची पावती घेऊन बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि पावती परत सरकवली. "काका, याच्यावर लीन आहे. मॅनेजर साहेबांना भेटा." लीन म्हणजे बँकेने आपल्या येण्यापोटी ठेव अडकवून ठेवलेली; पावतीवर तसा शिक्का कुठेही नव्हता. नानांना वाटलं काहीतरी गफलत झाली. गफलत नव्हती. एफडी त्याच बँकेत होती जिथे सीसी होती. प्रोप्रायटरशिपमध्ये दुकान आणि मालक कायद्याला एकच माणूस दिसतो, त्यामुळे दुकानाचं थकलेलं देणं मालकाच्या ठेवीतून वळतं करण्याचा हक्क बँकेला असतो. मंजुरीपत्रात तसं कलमही होतं, नानांच्या सहीचं.

वहिनींच्या 4 लाखांवरही लीन लागला होता. याचा त्यांना जास्त राग आला, कारण तो पैसा त्यांच्या शिकवणीचा होता, वर्षानुवर्षं साठवलेला. इथे कारण वेगळं. नवऱ्याचं कर्ज हे आपोआप बायकोचं कर्ज होत नाही. पण सीसी घेताना बँकेने "घरातल्या कुणाची तरी सही लागते" म्हणून त्यांना जामीनदार केलं होतं. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. बँकेला आधी नानांच्या मागे लागून मग वहिनींकडे यायचं बंधन नाही. वहिनी म्हणाल्या, "मला तर साक्षीदार म्हणून सही कर असं सांगितलं होतं." कागदावर मात्र स्वच्छ 'जामीनदार' लिहिलेलं होतं.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महाग गोष्ट ही एक सही होती. रो-हाऊसचं तारण निदान समजून उमजून दिलेलं होतं.

पीपीएफची गोष्ट उलट झाली. नानांचं पीपीएफ खातंही त्याच बँकेत, त्याच शाखेत होतं. मॅनेजरने ते स्क्रीनवर बघितलं असणारच. पण त्याला हात लागला नाही. पीपीएफ योजनेतच लिहिलेलं आहे की खातेदाराच्या कर्जासाठी कोणत्याही कोर्टाच्या हुकमाने त्या शिलकीवर जप्ती येत नाही. ती ठेव बँकेची नसून सरकारी योजनेतली असते, बँक फक्त खातं सांभाळते. या संरक्षणालाही मर्यादा आहेत. शब्द कोर्टाच्या हुकमाबद्दल आहेत, थकलेल्या कराच्या वसुलीत त्यावर विसंबून राहू नये. दुसरी मर्यादा जास्त व्यवहारातली आहे : कोर्टाचा हात लागत नाही, पण मालकाचा लागतो. दोन वर्षांपूर्वी एका वितरकाला द्यायला नानांनीच त्यातून तीन लाख काढले होते, "हंगामापुरते". ते परत भरलेच नाहीत. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखाच्या वर भरताच येत नाही, त्यामुळे काढलेली मोठी रक्कम लगेच पूर्ववत होत नाही. आणि पैसा एकदा बाहेर काढून साध्या खात्यात ठेवला की त्याचं संरक्षण संपलं.

या वेळीही एका वितरकाच्या माणसाने सुचवलं होतं, "नाना, पीपीएफमधून काढा ना, अडकलंय थोडंच." वहिनींनी पासबुक स्वतःकडे घेतलं. फी भरली गेली ती वहिनींच्या पीपीएफमधून, नियमात बसेल तेवढी अंशतः रक्कम काढून.

मे महिन्यात नाना माझ्याकडे आले होते ते एक कल्पना घेऊन. प्लॉट वहिनींच्या नावावर बक्षीसपत्राने करून टाकायचा. "मोठ्या भावाने सांगितलंय, नावावर नसलं की बँक काय करणार?" मी त्यांना थांबवलं आणि ओळखीच्या वकिलांकडे पाठवलं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 53 नेमकं यासाठी आहे : धनकोंना चुकवण्याच्या हेतूने केलेलं हस्तांतरण धनको कोर्टात रद्द करून घेऊ शकतो. सीसी अनियमित झाल्यानंतर पंधरा दिवसांत बायकोला फुकट दिलेला प्लॉट बघून हेतू काय होता हे सांगायला वकील लागत नाही. वर स्टॅम्प, नोंदणीचा खर्च जातो, आणि पुढे बँकेशी तडजोडीला बसल्यावर आपल्या शब्दाला वजन राहत नाही. हाच प्लॉट आठ वर्षांपूर्वी, धंदा नीट चालू असताना, वहिनींच्या स्वतःच्या पैशातून त्यांच्या नावावर घेतला असता, आणि जामीनदार म्हणून त्यांची सही नसती, तर प्रश्नच नव्हता. धंदा चांगला असलेल्या वर्षी केलेली वेगळी मांडणी ही मांडणी, अडचणीच्या वर्षी केलेली ती लपवाछपवी. काम तेच, तारीख वेगळी.

जुलैपर्यंत हिशेब असा लागला. व्याजासकट बँकेचे 39 लाख. दोन्ही एफडी मिळून 13 वळते झाले. शेतकऱ्यांकडून, ज्यांचं टोमॅटो किंवा कांद्यावर भागलं त्यांच्याकडून, 8 लाख आले. प्लॉट विकून 18 आले. प्लॉट घाईत विकला, थांबता आलं असतं तर लाख-दोन लाख जास्त आले असते, पण खातं एनपीए झालं असतं तर बँकांच्या तारण-वसुलीच्या सरफेसी कायद्याची 60 दिवसांची नोटीस आणि पुढे रो-हाऊसवर ताबा, असा रस्ता होता. सीसी बंद झाली, घराचे कागद परत आले, पॉलिसीचं असाइनमेंटही सुटलं. म्युच्युअल फंडाचे 7 लाख शाबूत राहिले, पण त्याला मी मांडणीचं श्रेय देणार नाही. ते नानांच्या नावावर होते, प्रकरण कोर्टात गेलं असतं तर तेही जप्तीत येऊ शकले असते. ती वेळ आली नाही, इतकंच.

म्हणजे कुटुंबाचे 31 लाख दुकानात गेले. त्यातले 13 जायला नको होते असं मी म्हणेन. प्लॉट हा एका अर्थाने धंद्याच्याच नफ्यातून आलेला, धंद्यासाठी गेला.

"प्रायव्हेट लिमिटेड केली असती तर वाचलं असतं ना?" हा प्रश्न नानांनी विचारलाच. वितरकांच्या बाबतीत काही प्रमाणात हो, कारण तिथे देणं कंपनीचं असतं. बँकेच्या बाबतीत जवळपास काही फरक पडला नसता. इतक्या लहान कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेतेच, आणि ती दिली की मर्यादित जबाबदारीची भिंत त्या कर्जापुरती आपणच पाडलेली असते.

आता नंतरची मांडणी. पुढच्या दोन हंगामांत जुन्या उधारीतले 21 लाख आले आणि दुकान त्यावर, रोखीकडे झुकत, चालू राहिलं. ज्यांच्याकडून येणं बाकी आहे त्यांच्या खात्यावर दर वर्षी बाकी मान्य असल्याची तारखेसह सही घ्यायला लावली. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा तीन वर्षांत करावा लागतो आणि मुदतीच्या आत अशी लेखी कबुली मिळाली की मुदत नव्याने मोजली जाते.

घरचं खातं दुसऱ्या बँकेत उघडलं, जिथे दुकानाचं काहीच नाही. दर महिन्याच्या 5 तारखेला दुकानातून 35,000 तिकडे जातात, दुकान चांगलं चालो की मंद. आधी नाना गल्ल्यातून लागेल तसे उचलायचे आणि जानेवारीत घरातले पैसे दुकानात घालायचे, त्यामुळे दुकान खरोखर किती कमावतं ते त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं. अशा दुकानात बिघाड ओळखायची माझी खूण साधी आहे. मी मालकाचं भांडवल खातं बघतो. हिवाळ्यात घरातून आलेला पैसा मे महिन्यापर्यंत परत गेला नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात त्याहून जास्त आला, तर उधारी वसूल होत नाही आणि घर दुकानाला पोसतंय. नानांच्या खात्यात हे तीन वर्षं दिसत होतं.

दुसऱ्या बँकेने नक्की काय मिळतं हे नीट समजून घ्यायला हवं. पैसा कायमचा सुरक्षित होत नाही, कोर्टाचा हुकूमनामा झाला तर नानांची तिथली ठेवही जप्त होऊ शकते. मिळतो तो वेळ. त्याच बँकेत काउंटरच्या पलीकडे एका नोंदीने होणारं काम आता दावा, हुकूम, वसुली अशा वाटेने जावं लागतं, आणि तोवर माणसाला तडजोड करता येते. आणखी एक बाजू आहे. बँकच बुडाली तर ठेव विम्याचं 5 लाखांचं संरक्षण मोजताना प्रोप्रायटरच्या दुकानाचं चालू खातं आणि त्याची स्वतःची ठेव एकत्र धरतात. दोन खाती म्हणून दहा लाख मिळत नाहीत. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमाच नाही, आणि आपल्याकडे अर्ध्या बाजारपेठेची बचत पतसंस्थेत असते.

पीपीएफ दोघांचेही एप्रिलच्या 5 तारखेच्या आत भरायचे असं ठरलं. त्या तारखेआधी भरले तर त्या महिन्याचंही व्याज मिळतं, आणि द्राक्षवाल्याच्या दुकानात रोख असते ती नेमकी त्याच सुमारास. दिवाळीवर ढकललं की तो पैसा औषधांच्या मालात जातो.

विम्याचं काम थोडं किचकट निघालं. आधीचा एक कोटीचा टर्म विमा साधा होता, वहिनी नॉमिनी. नव्याने घेतलेला विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या 1874 च्या कायद्याखाली, कलम 6 प्रमाणे घेतला. अशी पॉलिसी बायको-मुलांसाठीचा ट्रस्ट मानली जाते, तिच्यावर नवऱ्याचा ताबा राहत नाही आणि त्याच्या धनकोंचा हक्क पोचत नाही. हे कलम प्रस्तावाच्या वेळीच लावावं लागतं, चालू पॉलिसीला मागून जोडता येत नाही, म्हणून नवी घ्यावी लागली आणि वय वाढल्याने हप्ता जास्त बसला. तोटाही आहे : लाभार्थी पुढे मनाला येईल तसे बदलता येत नाहीत आणि पॉलिसी तारण ठेवता येत नाही. नानांना हे दुसरं खटकलं. वहिनींना तेच आवडलं. धनकोंना फसवण्यासाठीच घेतल्याचं सिद्ध झालं तर मात्र हाही आडोसा टिकत नाही, त्यामुळे देणी संपल्यावरच घेतली.

दीड वर्षाने सीसी परत घ्यायची वेळ आली, कारण रोखीवर औषधाचा धंदा एका मर्यादेपुढे जात नाही. या वेळी 12 लाखांची मागितली, सीजीटीएमएसईच्या, म्हणजे लहान धंद्यांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टच्या हमीवर. त्यात तारण आणि तिसऱ्याची जामीनदारी द्यावी लागत नाही, वर्षाला हमी शुल्क भरावं लागतं. पहिल्या बँकेने सरळ रो-हाऊसचीच मागणी केली, दुसरीने बऱ्याच चकरांनंतर मान्य केलं. हे शुल्क नानांना फुकटचा खर्च वाटत होता. मी त्यांना म्हटलं, घर बाहेर ठेवण्याचं ते भाडं आहे. पण एक गैरसमज लगेच काढावा लागला : ही हमी बँकेला मिळते, दुकानदाराला नाही. कर्ज थकलं तर बँक हमीतून भरपाई घेते आणि नानांकडची वसुली चालूच राहते. बाहेर राहतात ती घराची कागदपत्रं आणि वहिनींची सही. कागद भरताना अधिकाऱ्याने सवयीने जामीनदाराचा रकाना वहिनींपुढे केला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि कोरा ठेवला.

सध्या प्रश्न मुलाचा आहे. बीएस्सी ॲग्री झाला, दुकानात येतो, आणि नानांना त्याला भागीदार करायचं आहे. भागीदारी कायद्याच्या कलम 25 खाली प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्याला, एकत्र आणि एकट्याने, जबाबदार असतो. म्हणजे आज ज्याचं नाव कोणत्याच कर्जावर नाही त्याची सगळी पुढची बचतही दुकानाच्या हंगामाला बांधली जाईल. तूर्त त्याला पगारावर घेतलंय, पगार त्याच्या स्वतःच्या बँकेत. नाना थोडे नाराज आहेत, लोक काय म्हणतील म्हणून. फलकावर '...आणि सन्स' लिहायला हरकत नाही असं मी सुचवलंय, फक्त गिऱ्हाइकाला तो भागीदार वाटू नये म्हणून बिलावर आणि चेकवर प्रोप्रायटर म्हणून नानांचंच नाव राहू द्यायचं. वकिलांना तेही पसंत नाही. स्वतःला भागीदार म्हणून मिरवू दिलं आणि त्यावर विसंबून कुणी उधार दिलं तर कागद नसतानाही जबाबदारी येऊ शकते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. फलक अजून रंगवायचाय.